छत्तीसपैकी वीस की अकरा? पत्रिका जुळवताना आणि मुहूर्त काढताना

गेली बरीच वर्षं मी रविवारी सकाळी आमच्या भागातल्या एका वधू-वर मंडळात बसते. टिपणांच्या फायली लावायच्या, आलेल्या पालकांना चहा द्यायचा, कोष्टकात बोट ठेवून गुण सांगायचे, असं ते काम. मी ज्योतिषी नाही. पण कोष्टक इतक्यांदा उघडलंय की पानाचा कोपरा गेलाय. दर रविवारी ऐकू येणारा प्रश्न एकच, "गुण किती जुळतात?" पुढचा प्रश्न, "कशाकशाचे?", हा महिन्यातून एखादाच विचारतो, आणि घोळ सगळा तिथेच होतो.

पहिल्यांदाच पत्रिका घेऊन बसणाऱ्या घरांसाठी हे लिहिते आहे. तुम्ही मानता की नाही, हा तुमचा प्रश्न. पण मानायचं ठरवलंत तर निदान आकडा कुठून आला ते कळलं पाहिजे.

आधी जन्मवेळ पक्की करा

गुणमेलनाला दोघांची पूर्ण पत्रिका लागतच नाही. लागतं फक्त जन्माच्या वेळी चंद्र कुठल्या नक्षत्रात, कुठल्या चरणात आणि कुठल्या राशीत होता एवढंच. नक्षत्रं सत्तावीस आणि प्रत्येकाचे चरण चार. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस राहतो, म्हणजे एका चरणात सुमारे सहा तास. त्यामुळे बहुतेकांच्या बाबतीत जन्मवेळ दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी गुणांना काही होत नाही. पण चंद्र चरणाच्या कडेला असेल तर मात्र चित्र पालटतं, आणि त्याच चरणाच्या कडेवर रास बदलत असेल तर फारच.

म्हणून वेळ कुठून आली ते बघा. आपल्याकडच्या जन्माच्या दाखल्यावर तारीख असते, वेळ सहसा नसते. "पहाटे पाच-सव्वापाचला झाला, नळाला पाणी आलं होतं" ही आईची आठवण प्रेमाची असली तरी चरण ठरवायला पुरत नाही. प्रसूतीगृहाचं डिस्चार्ज कार्ड शोधा. ते नसेल तर लहानपणी केलेली जुनी पत्रिका शोधा. तिच्यात नावरस नाव लिहिलेलं असतं, आणि त्याचं पहिलं अक्षर म्हणजे थेट चरण. कृत्तिकेची अक्षरं अ, ई, उ, ए. नावरस नाव 'ई'वरून असेल तर त्या वेळच्या गुरुजींनी दुसरा चरण धरला होता, हे लगेच कळतं.

मुलगा किंवा मुलगी परदेशात जन्मलेली असेल तर वेळ तिथली स्थानिक घालायची. काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, तेही ॲपने धरलंय का ते तपासायचं.

आणखी एक. दोन्ही टिपणं एकाच पद्धतीने काढलेली हवीत. दाते किंवा कालनिर्णय यांच्यासारखी बहुतेक पंचांगं चित्रापक्षाचा अयनांश, म्हणजे राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची त्याचं माप, धरतात. टिळक पंचांगाचा अयनांश वेगळा आहे आणि फरक जवळजवळ चार अंशांचा. एक चरण तीन अंश वीस कलांचा असतो, म्हणजे चरण तर बदलतोच, कधी नक्षत्रही बदलतं. एक पत्रिका रत्नागिरीची टिळक पंचांगावरची आणि दुसरी मोबाइलवरची, अशी जोडी कोष्टकात घातलीत तर येणारा आकडा कोणाचाच नसतो.

बेरीज फोडून मागा

छत्तीस गुण आठ गोष्टींचे मिळून होतात आणि त्या चढत्या क्रमाने आहेत: वर्णाचा १, वश्याचे २, तारेचे ३, योनीचे ४, ग्रहमैत्रीचे ५, गणाचे ६, राशिकूटाचे ७ आणि नाडीचे ८. यांतल्या शेवटच्या तिघांचेच एकवीस होतात. शिवाय नाडी आणि राशिकूट यांत मधलं काही नसतं. पूर्ण गुण, नाहीतर शून्य. दोन पत्रिकांमधले गुण हळूहळू कमी-जास्त होत नाहीत, सात-आठच्या उड्या मारतात, ते यामुळेच.

आमच्याकडे आलेलं एक प्रकरण सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय, आकडे तेच. मुलगी रोहिणी नक्षत्राची, रास वृषभ. मुलाच्या फॉर्मवर जन्मवेळ पहाटे ५.२०. मुलीच्या वडिलांनी ॲपवर घातलं तर गुण आले अकरा. त्यांनी फाइल मिटली. मुलाची आई मात्र म्हणे, "अहो, आमच्या गुरुजींनी वीस सांगितले!" दोघंही एकमेकांना खोटं ठरवायच्या बेतात होते.

मुलाचं नक्षत्र कृत्तिका. या नक्षत्राचा पहिला चरण मेष राशीत येतो आणि उरलेले तीन वृषभेत. ५.२० ला चंद्र पहिल्या चरणाच्या अगदी शेवटी होता. त्या वेळेने हिशेब असा होतो. वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी २. ग्रहमैत्रीत मेषेचा मंगळ आणि वृषभेचा शुक्र एकमेकांना सम, म्हणून ३. मुलाचा राक्षसगण आणि मुलीचा मनुष्यगण, म्हणून गणाचे शून्य. मेष आणि वृषभ एकमेकींपासून दुसऱ्या-बाराव्या, याला द्विर्द्वादश म्हणतात, म्हणून राशिकूटाचं शून्य. कृत्तिका आणि रोहिणी दोन्ही अंत्य नाडीच्या, म्हणून नाडीचं शून्य. बेरीज अकरा.

मग मुलाच्या आईने माळ्यावरून डिस्चार्ज कार्ड काढून आणलं. त्यावर ५.५२. जुन्या पत्रिकेत नावरस नावही 'ई'वरून निघालं. म्हणजे चरण दुसरा, रास वृषभ. आता दोघांची रास एकच, तेव्हा राशिकूटाचे पूर्ण ७ आणि राशिस्वामी एकच म्हणून ग्रहमैत्रीचे पूर्ण ५. बाकी सगळं तसंच. बेरीज वीस. बत्तीस मिनिटांत नऊ गुण वाढले, आणि त्या बत्तीस मिनिटांत मुलगा काही बदलला नव्हता.

(योनी, वश्य आणि गण यांच्या कोष्टकांत पंचांगागणिक एखाद-दोन गुणांचा फरक सापडतो. एकाने वीस सांगितले आणि दुसऱ्याने एकवीस, तर भांडू नका. एकाने अकरा आणि दुसऱ्याने वीस सांगितले तर मात्र वेळ, चरण आणि रास तपासा.)

आणि तरीही एकनाड

अठराच्या वर गेले म्हणजे जमलं, असा सर्वसाधारण समज. वरच्या जोडीचे वीस आहेत, पण त्यात नाडीचं शून्य आहे. मुलीच्या आजीने ते बरोबर पकडलं: "वीस असू देत, एकनाड आहे ना?"

इथे शास्त्र मानणाऱ्यांनी शास्त्र पूर्ण वाचावं असं माझं म्हणणं आहे. मुहूर्तचिंतामणी या जुन्या ग्रंथात स्पष्ट अपवाद दिलाय. रास एक आणि नक्षत्रं वेगळी असतील, किंवा नक्षत्र एक आणि राशी वेगळ्या असतील, तर नाडीचा दोष नाही आणि गणाचाही नाही. नक्षत्र एकच पण चरण वेगळे असले तरी शुभच म्हटलंय. आमच्या जोडीची रास एक, नक्षत्रं वेगळी. म्हणजे ज्या दोन शून्यांमुळे आजी अडल्या होत्या, ती दोन्ही त्याच परंपरेने रद्द केलेली होती. पण कोष्टकाला अपवाद कळत नाहीत. ते वीसच दाखवणार. म्हणून गुरुजींना आकडा विचारून फोन ठेवू नका. शून्य कुठे आहे आणि त्याला परिहार आहे का, हे विचारा. परिहार हाच शब्द वापरा, त्यांना लगेच कळतं.

राशिकूटाचंही तसंच. षडाष्टक, म्हणजे राशी एकमेकींपासून सहाव्या-आठव्या, म्हटलं की लोक दचकतात. पण मेष-वृश्चिक हेही षडाष्टकच आणि दोन्हींचा स्वामी मंगळ, त्याला प्रीतिषडाष्टक म्हणून सोडून देतात. मेष-कन्या मात्र मृत्युषडाष्टकात धरतात. नाव भयंकर आहे खरं, आणि ते ऐकून रडवेल्या झालेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

एकनाडीची भीती वाटणाऱ्यांसाठी एक साधा हिशेब. नाड्या तीन आणि प्रत्येकीत नऊ नक्षत्रं. म्हणजे डोळे मिटून कुठल्याही दोन पत्रिका उचलल्या तरी साधारण तिसरी जोडी एकनाडीची निघणार. तुमच्या ओळखीतल्या, न बघता झालेल्या लग्नांतही तेवढ्याच असणार.

गुण काय सांगत नाहीत

तीस गुण म्हणजे ८३ टक्के मार्क नव्हेत. आकडा दोन चंद्रांच्या जागांची तुलना सांगतो, बस. जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली लग्नरास, सप्तमस्थान, शुक्र, गुरू यांतलं काहीही त्यात नाही. ज्योतिष मानणारे चांगले गुरुजीसुद्धा म्हणूनच नुसत्या गुणांवर हो किंवा नाही म्हणत नाहीत. दुसऱ्या बाजूने बघा: तुमच्या मुलाला जे गुण या मुलीशी आले, तेच त्या दिवशी त्या चरणाच्या सहा तासांत जगभर जन्मलेल्या प्रत्येक मुलीशी येणार. जुळ्या बहिणी असतील तर दोघींशी तेच.

नाडी म्हणजे रक्तगट, हा समज तर शहरी शिकल्यासवरल्या घरांतून जास्त ऐकू येतो. नाडी नक्षत्रावरून ठरते, रक्ताशी तिचा काही संबंध नाही. नवरा-बायकोचा रक्तगट एक असल्याने मुलांना काही होत नाही. आई आरएच निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील तर लक्ष ठेवावं लागतं, आणि त्यासाठी गरोदरपणात अँटी-डी इंजेक्शन असतं. मुलांच्या आरोग्याची काळजी म्हणून नाडी बघत असाल तर लग्नाआधी दोघांची थॅलेसेमियाची तपासणी करून घ्या, विदर्भात किंवा आदिवासी भागात मुळं असतील तर सिकलसेलचीही. दोघंही थॅलेसेमियाचे वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक असते. ही गोष्ट कुठल्याच कोष्टकात दिसत नाही.

भविष्य खरंच वर्तवता येतं का, याची एक चाचणी पुण्यात झाली होती. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका जमवल्या आणि ज्योतिषांना त्या ओळखायला दिल्या. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली, नाणं उडवल्यासारखी. चाचणी बुद्धिमत्तेची होती, गुणमेलनाची नाही. पण आकड्यावर किती भार टाकायचा हे ठरवताना मला ती आठवते.

मंगळ वेगळा

मंगळाचा या छत्तीसशी संबंध नाही. लग्नराशीपासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की पत्रिका मंगळाची. बारापैकी पाच घरं, म्हणजे पाचांतल्या दोन पत्रिकांना मंगळ असणारच. त्याचे अपवाद इतके आहेत की सौम्य, निर्दोष, परिहार असे शब्द ऐकू येईपर्यंत थांबायचं. जन्मवेळ मात्र इथे फार महत्त्वाची, कारण लग्नरास दोन तासांत बदलते. नाडीला चालणारी अंदाजे वेळ मंगळाला चालत नाही.

एक पदरचा सल्ला. पत्रिका बघायचीच असेल तर मुला-मुलीची भेट ठरवण्याआधी बघा, आणि कुठल्या दोषावर अडायचं ते घरात आधी ठरवा. दोघं तीन वेळा कॉफी पिऊन आल्यावर "आता गुण बघू" म्हणणारी घरं मला सगळ्यात निर्दयी वाटतात.

तारीख काढताना

गुण जुळले, आता मुहूर्त. हे वेगळं काम आहे. गुणांतून तारीख निघत नाही. राशी मात्र इथे पुन्हा लागतात.

पंचांगात वर्षाचे विवाहमुहूर्त छापलेले असतात. ते सगळ्यांसाठी सारखे असतात. त्यांत वगळलेले काळ आधी समजून घ्या, म्हणजे हॉलवाल्याला उगाच फोन होणार नाहीत. चातुर्मासात, म्हणजे आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत, नेहमीचे मुहूर्त नसतात. अधिक महिन्यात नसतात. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे मे महिन्याच्या सुटीतले ऐन दिवस गेले. गुरू किंवा शुक्र सूर्याजवळ जाऊन दिसेनासा झाला की तोही काळ टाळतात. २०२४ च्या मे-जूनमध्ये दोघंही एकापाठोपाठ अस्तंगत झाले आणि कार्यालयं ऐन हंगामात रिकामी दिसली.

सिंहस्थाची भीती मात्र अर्धवट ऐकून घेतली जाते. २०२६ च्या ऑक्टोबरअखेरीस गुरू सिंहेत जातो आणि नाशिकचा सिंहस्थ सुरू होतो, म्हणून "आता लग्नं बंद" असं सांगणारे भेटतील. त्याच मुहूर्तचिंतामणीत हा दोष गोदावरीच्या उत्तरेपासून गंगेच्या दक्षिण काठापर्यंतच्या प्रदेशापुरता सांगितलाय, आणि सूर्य मेषेत असताना तिथेही नाही. गुरू सिंह नवांशात, म्हणजे राशीच्या एका नवव्या भागात, असतानाचे थोडे दिवस मात्र सगळीकडे टाळतात. पुणे, सातारा, कोल्हापूर गोदावरीच्या दक्षिणेला आहेत. जळगाव-धुळ्याकडच्या मंडळींनी गुरुजींना विचारावं.

उरलेल्या दिवसांत चंद्र विवाहनक्षत्रात हवा. ती अकरा: रोहिणी, मृग, मघा, तिन्ही उत्तरा, हस्त, स्वाती, अनुराधा, मूळ, रेवती. आणि मग येतं चंद्रबळ. लग्नाच्या दिवशीचा चंद्र वधूच्या किंवा वराच्या राशीपासून चौथा, आठवा किंवा बारावा नको. आमच्या जोडीचं काम सोपं झालं, कारण दोघंही वृषभेची. वृषभेपासून चौथी सिंह, आठवी धनु, बारावी मेष. मघा सिंहेत आहे, ती गेली. मूळ धनु राशीत, तेही गेलं. उत्तरा फाल्गुनीचा पहिला चरण सिंहेत आणि उत्तराषाढेचा पहिला धनु राशीत, तेवढे चरण वगळायचे. मेषेत विवाहनक्षत्र नाहीच. रोहिणी मुलीचं जन्मनक्षत्र, म्हणून आजींनी नको म्हटलं. उरली मृग, हस्त, स्वाती, अनुराधा, रेवती, उत्तरा भाद्रपदा आणि बाकीच्या दोन उत्तरांचे पुढचे तीन-तीन चरण. छापील यादीतल्या तारखांवर पेन्सिलीने काट मारत गेलो तेव्हा निम्म्याहून जास्त तारखा शिल्लक राहिल्या.

काट मारताना तारखेपुढची नक्षत्राची वेळ बघायला विसरू नका. पंचांगात "हस्त १४.१०" असं असेल तर हस्त दुपारी दोन वाजून दहा मिनिटांपर्यंतच आहे. दुपारी बाराचा मुहूर्त चालेल, संध्याकाळचा चित्रेत जाईल. न्यू जर्सीत किंवा मेलबर्नमध्ये लग्न असेल तर पुण्याच्या पंचांगातली वेळ उचलू नका. नक्षत्र संपतं तो क्षण जगभर एकच, पण तिथल्या घड्याळात तो वेगळ्या वेळी येतो, कधी वेगळ्या तारखेलाही. सूर्योदय आणि लग्नरास तर तिथल्याच धराव्या लागतात.

अशा तीन-चार तारखा हातात घेऊन मग कार्यालयाला फोन करा. आधी हॉल बुक करून नंतर गुरुजींकडे गेलात तर ते काढीव मुहूर्त देतील, म्हणजे त्याच दिवसात तुमच्या दोघांच्या राशींना चालेल अशी वेळ शोधतील. त्यात लबाडी काही नाही, फक्त ती वेळ सकाळी ७.४० ची निघू शकते आणि पाहुणे साडेदहाला येतात. संध्याकाळचंच लग्न हवं असेल तर गोरज मुहूर्त विचारा. तो सूर्यास्ताच्या आसपासचा असतो आणि त्यासाठी लग्नराशीची शुद्धी फारशी पाहत नाहीत.

आमच्या जोडीने हस्त नक्षत्राचा दुपारी १२.२७ चा मुहूर्त धरला. पत्रिकेवर तोच छापला. मंगलाष्टकं १२.२७ ला संपायला हवीत, सुरू व्हायला नव्हेत, हे मुलाच्या मामांना सकाळीच समजावून सांगितलं. तरी पाचव्या मंगलाष्टकानंतर आत्यांना स्वतःचं रचलेलं म्हणायचं होतं. गुरुजींनी घड्याळाकडे बघत त्यांना एकच कडवं म्हणू दिलं, "शुभमंगल सावधान" झालं, अंतरपाट खाली आला आणि अक्षता पडल्या तेव्हा माझ्या मोबाइलवर १२.२९ झाले होते.